फक्त घनफळ दिलंय: घनाची बाजू, पृष्ठफळ आणि कर्ण कसा काढायचा? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आठवी-नववीची मुलं, शिष्यवृत्ती आणि भरतीच्या परीक्षांची तयारी करणारे, आणि अधूनमधून घरासाठी टाकी बांधायला निघालेले पालक हे प्रश्न विचारत असतात. उत्तरं देताना दोनच उदाहरणं शेवटपर्यंत वापरली आहेत. एक २७४४ घन सेंटीमीटरचा लाकडी ठोकळा, ज्याचं घनमूळ नेमकं निघतं. दुसरी ५०० लीटरची घनाकृती टाकी, जिचं घनमूळ नेमकं निघत नाही. खरी अडचण दुसऱ्या प्रकारात येते, म्हणून तिथे जास्त वेळ थांबलो आहे.

नुसत्या घनफळावरून बाकी सगळं खरंच निघतं का?

निघतं, पण वस्तू घनाकृती आहे हे नक्की माहीत असेल तरच. घनाच्या बाराही कडा सारख्या लांबीच्या असतात, त्यामुळे शोधायची गोष्ट एकच उरते: बाजू. ती सापडली की पृष्ठफळ आणि कर्ण तिच्या मागोमाग येतात.

इष्टिकाचितीचं तसं नाही. ५०० लीटर पाणी १ मीटर × १ मीटर × ०.५ मीटर टाकीत मावतं, आणि २ मीटर × ०.५ मीटर × ०.५ मीटर टाकीतही मावतं. पहिलीचं एकूण पृष्ठफळ ४ चौरस मीटर, दुसरीचं ४.५ चौरस मीटर. घनफळ एकच, पृष्ठफळं वेगळी. म्हणून गणितात ‘घनाकृती’ हा शब्द आहे का, ते आधी पाहा. तो नसेल आणि फक्त घनफळ दिलं असेल, तर गणित अपुरं आहे असंच लिहावं लागतं.

याच ५०० लीटरची घनाकृती टाकी केली तर पृष्ठफळ सुमारे ३.७८ चौरस मीटर येतं. ठरावीक घनफळाच्या सगळ्या इष्टिकाचितींमध्ये सर्वांत कमी पृष्ठफळ घनाचं असतं. पत्रा वाचवायचा असेल तर टाकी घनाच्या जवळ जाणारी करतात, ती यामुळेच.

सूत्रं एकदा सांगा.

बाजू = ∛घनफळ
एकूण पृष्ठफळ = ६ × बाजू²
घनाचा कर्ण = बाजू × √३ (√३ ≈ १.७३२)

पाठ्यपुस्तकात ‘बाजू’ म्हणतात, कोणी ‘कड’ म्हणतं. घनाच्या बाबतीत दोन्हींची लांबी एकच. ‘घन’ या शब्दाने मात्र मुलं गोंधळतात, कारण तो आकाराचंही नाव आहे आणि तिसऱ्या घाताचंही. हा योगायोग नाही. १४ चा घन म्हणजे १४ बाजूच्या घनात मावणारे एकक ठोकळे. आकार आणि घात यांचं नाव एकच आहे, कारण गोष्ट एकच आहे.

बाजू काढताना घनफळाला ३ ने का भागायचं नाही?

कारण बाजू तीन वेळा मिळवलेली नसते, तीन वेळा गुणलेली असते. २७ घन सेंटीमीटर घनाची बाजू ९ मानली, तर ९ × ९ × ९ = ७२९ येतं. उत्तर ३ आहे. घनफळाला ३ ने भागून उत्तर काढलंय अशी शंका आली की आलेल्या बाजूचा घन करून पाहा. चूक तिथेच दिसते.

२७४४ चं घनमूळ मूळ अवयवांनी कसं काढायचं?

२७४४ ला २ ने भागत जा: १३७२, ६८६, ३४३. आता ३४३ = ७ × ७ × ७. म्हणजे २७४४ = २ × २ × २ × ७ × ७ × ७. तिनाच्या प्रत्येक गटातला एकेक अवयव घेतला की २ × ७ = १४. बाजू १४ सेंटीमीटर.

गटात तीनपेक्षा कमी अवयव उरले तर ती संख्या पूर्ण घन नाही. ५०० चे अवयव २ × २ × ५ × ५ × ५. इथे पाचाचा गट पूर्ण आहे, पण दोन मात्र दोनच आहेत. म्हणून ∛५०० = ५ × ∛४, आणि ∛४ ही अपरिमेय संख्या आहे. मूळ अवयवांची रीत इथे थांबते. पुढे अंदाजाने जावं लागतं.

परीक्षेत घनमूळ झटपट सांगतात, ती युक्ती कोणती?

पूर्ण घनाचा एककाचा अंक पाहून घनमुळाचा एककाचा अंक ठरतो. ०, १, ४, ५, ६, ९ यांना तोच अंक येतो. २ असेल तर ८, ८ असेल तर २, ३ असेल तर ७, आणि ७ असेल तर ३. मग शेवटचे तीन अंक सोडून जे उरतं ते कोणत्या दोन घनांच्या मध्ये बसतं ते बघायचं. ७४०८८ मध्ये शेवटी ८ आहे म्हणून एककात २. उरले ७४, ते ६४ आणि १२५ यांच्या मध्ये आहेत म्हणून दशकात ४. घनमूळ ४२.

ही युक्ती फक्त पूर्ण घनाला आणि दोन अंकी घनमुळाला लागू आहे. २७५४ ला ती लावली तरी ती १४ हेच सांगेल, आणि ते चूक असेल. प्रश्नात ‘पूर्ण घन’ म्हटलेलं नसेल तर आलेल्या उत्तराचा घन करून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आर्यभटाची घनमुळाची रीत काय आहे? ती का चालते?

हा प्रश्न मला सगळ्यांत आवडतो, कारण याचं उत्तर समजलं की अंदाजाने घनमूळ काढायची रीतही आपोआप समजते.

इ.स. ४९९ च्या आर्यभटीयातल्या गणितपादात घनमूळ काढण्याची रीत एका श्लोकात दिली आहे. उजवीकडून अंकांना क्रमाने घन, प्रथम अघन, द्वितीय अघन, पुन्हा घन अशी स्थानं द्यायची. २७४४ मध्ये एककाचा ४ घनस्थानी, दशकाचा ४ प्रथम अघनस्थानी, शतकाचा ७ द्वितीय अघनस्थानी आणि हजाराचा २ पुन्हा घनस्थानी येतो.

डावीकडून सुरुवात. २ मध्ये मावणारा सर्वांत मोठा घन १, त्याचं मूळ १. २ − १ = १ उरला. ७ खाली घेतला, झाले १७. आता मुळाच्या वर्गाच्या तिपटीने, म्हणजे ३ × १ × १ = ३ ने भागायचं. १७ मध्ये ३ पाच वेळा जातात, पण आपण ४ घेऊ; का, ते लगेच कळेल. १७ − १२ = ५. पुढचा ४ खाली घेतला, झाले ५४. यातून ३ × १ × ४² = ४८ वजा केले, उरले ६. शेवटचा ४ खाली घेतला, झाले ६४. यातून ४³ = ६४ वजा केले, उरलं शून्य. घनमूळ १४.

४ ऐवजी ५ घेतला असता तर १७ − १५ = २, पुढचा अंक घेऊन २४, आणि त्यातून ३ × १ × ५² = ७५ वजा करायचे होते. ते जमत नाही. पुढची वजाबाकी अडली की मागचा अंक एकाने कमी करायचा, हा या रीतीतला नेहमीचा अनुभव.

आता कारण. १० सेंटीमीटर बाजूचा ठोकळा डोळ्यांसमोर आणा. तो १४ सेंटीमीटरचा करायचा आहे. एका कोपऱ्याला मिळणाऱ्या तीन पृष्ठांवर प्रत्येकी ४ सेंटीमीटर जाडीची फळी चिकटवा. प्रत्येक फळी १० × १० × ४ ची, म्हणून तिन्ही मिळून १२०० घन सेंटीमीटर. फळ्यांच्या मध्ये तीन खाचा राहतात. त्यांत १० × ४ × ४ च्या तीन पट्ट्या बसतात, त्या मिळून ४८०. शेवटी कोपऱ्यात ४ × ४ × ४ चं एक भोक उरतं, ते ६४. मूळच्या १००० मध्ये हे सगळं मिळवा: १००० + १२०० + ४८० + ६४ = २७४४.

वरच्या भागाकारातले १२, ४८ आणि ६४ म्हणजे हेच तुकडे. ३ ने भागायचं कारण तीन फळ्या, आणि मुळाचा वर्ग म्हणजे एका फळीचं क्षेत्रफळ. हे चित्र मनात बसलं की श्लोक पाठ नसला तरी रीत विसरत नाही.

५०० सारख्या पूर्ण घन नसलेल्या संख्येचं घनमूळ कागदावर कसं काढायचं?

त्याच फळ्यांनी. फक्त या वेळी फळी चिकटवायची नाही, तासून काढायची.

आधी एकक सोपं करून घेऊ. १ लीटर म्हणजे १ घन डेसीमीटर, म्हणजे १० सेंटीमीटर बाजूचा घन. फ्रान्समध्ये १७९५ च्या कायद्याने मेट्रिक मापं ठरली, तेव्हा लीटरची व्याख्याच अशी केली होती: मीटरचा दहावा भाग ही बाजू असलेल्या घनात मावेल एवढं माप. म्हणून ५०० लीटर म्हणजे ५०० घन डेसीमीटर. बाजू डेसीमीटरमध्ये काढू आणि शेवटी १० ने गुणून सेंटीमीटरमध्ये लिहू.

७³ = ३४३ आणि ८³ = ५१२. ५०० हे ५१२ च्या अगदी जवळ आहे, म्हणून ८ पासून सुरुवात करू. १२ घन डेसीमीटर जास्त आहे, ते तीन पृष्ठांवरून तासायचं. एका पृष्ठाचं क्षेत्रफळ ६४, तिन्हींचं १९२. जाडी = १२ ÷ १९२ = ०.०६२५. बाजू झाली ८ − ०.०६२५ = ७.९३७५.

तपासून पाहू. ७.९३७५³ जवळजवळ ५००.०९ येतं. थोडं जास्तच राहिलं. का? फळ्या जिथे एकमेकींना छेदतात तिथला भाग आपण हिशोबात दोनदा धरला होता, पण प्रत्यक्षात तो एकदाच निघाला. म्हणून एकदा अजून तासायचं: ०.०९३५ ÷ (३ × ६३) ≈ ०.०००५. बाजू ७.९३७० डेसीमीटर, म्हणजे ७९.३७ सेंटीमीटर.

दोन पायऱ्यांत मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत पोचलो. टाकी बांधायला एवढं नेमकेपण लागतही नाही. पहिल्याच पायरीत आलेलं ७९.४ पुरेसं होतं. पहिला अंदाज लांबचा घेतला, समजा ७ पासून सुरुवात केली, तर एक-दोन पायऱ्या जास्त लागतील, पण उत्तर तेच येईल.

साध्या कॅल्क्युलेटरवर घनमुळाची कळच नाही. मग?

वर्गमुळाची कळ असली तरी काम होतं. अंदाजाची बाजू घ्या, तिला घनफळाने गुणा आणि वर्गमुळाची कळ दोनदा दाबा. जे येईल त्याला पुन्हा घनफळाने गुणा, पुन्हा वर्गमूळ दोनदा. ५०० साठी ८ पासून सुरुवात केली तर क्रमाने ७.९५२७, ७.९४०९, ७.९३८० असे आकडे येतात आणि हळूहळू ७.९३७० वर स्थिरावतात. दर फेरीत चूक साधारण पाव होते.

यामागचं कारण असं: आकडा बदलायचा थांबला की बाजू ही (घनफळ × बाजू) च्या चौथ्या मुळाइतकी असते. म्हणजे बाजू⁴ = घनफळ × बाजू, आणि दोन्हीकडून एक बाजू काढली की बाजू³ = घनफळ.

मोबाइलवर किंवा स्प्रेडशीटमध्ये टाइप करत असाल तर कंस विसरू नका:

```
=500^(1/3)
```

कंस नसेल तर आधी `500^1` होतं, मग त्याला ३ ने भागलं जातं आणि १६६.६७ येतं. पायथनमध्ये `64**(1/3)` लिहिलं तर ४ ऐवजी `3.9999999999999996` दिसतं. ते चूक नाही. एक-तृतीयांश ही संख्या संगणकात नेमकी साठवता येत नाही, म्हणून तसं होतं. मात्र पूर्ण घन आहे का हे तपासण्यासाठी त्या उत्तराचा फक्त पूर्णांक भाग घेतला तर ३ येईल आणि फसगत होईल. जवळच्या पूर्णांकात बदलून त्याचा घन करून तपासावं.

पृष्ठफळ काढताना बाजू आधी पूर्णांकात किंवा एका दशांशात मांडली तर चालेल का?

मधल्या पायरीत नको. ५०० लीटरच्या टाकीची बाजू ७.९ डेसीमीटर धरली तर पृष्ठफळ ६ × ७.९² = ३७४.४६ चौरस डेसीमीटर येतं. ७.९३७ धरली तर ३७७.९८ येतं. बाजूत चूक अर्ध्या टक्क्याच्या आसपास होती, पृष्ठफळात ती जवळजवळ एक टक्का झाली. वर्ग केल्याने टक्क्यातली चूक साधारण दुप्पट होते. कर्णात मात्र चूक टक्क्यात तेवढीच राहते, कारण तिथे बाजूला फक्त √३ ने गुणलं जातं.

म्हणून बाजू निदान चार अंकांपर्यंत ठेवा आणि शेवटचं उत्तरच जवळच्या अंकात लिहा.

ठोकळ्याचं एकूण पृष्ठफळ = ६ × १४² = ६ × १९६ = ११७६ चौरस सेंटीमीटर. टाकीचं = ३.७८ चौरस मीटर. टाकीला वरून झाकण नसेल तर पाचच पृष्ठं मोजायची: ५ × ०.६३ = ३.१५ चौरस मीटर. प्रश्नात ‘उभे पृष्ठफळ’ विचारलं असेल तर चारच. हे तीन प्रकार वाचण्याच्या घाईत एकमेकांत मिसळतात, म्हणून किती पृष्ठं मोजायची ते आधी समासात लिहून ठेवायची सवय मी मुलांना लावतो.

कर्णाला √३ कुठून आला? मी √२ घेतला तर?

√२ घेतला तर तुम्ही एका पृष्ठाचा कर्ण काढलात. घनाचा कर्ण आतून जातो, तळाच्या एका कोपऱ्यापासून वरच्या समोरासमोरच्या कोपऱ्यापर्यंत.

पायथागोरसचं प्रमेय दोनदा वापरायचं. आधी टाकीच्या तळावर. तळ चौरस आहे, त्याचा कर्ण² = बाजू² + बाजू² = २ × बाजू². आता उभा काटकोन त्रिकोण पाहा: तळावरचा हा कर्ण त्याचा पाया, टाकीची उभी कड त्याची उंची. घनाचा कर्ण² = २ × बाजू² + बाजू² = ३ × बाजू². म्हणून कर्ण = बाजू × √३.

ठोकळ्याचा कर्ण १४√३ सेंटीमीटर, म्हणजे सुमारे २४.२५. टाकीचा ७९.३७ × १.७३२ ≈ १३७.५ सेंटीमीटर. लेखी परीक्षेत उत्तर १४√३ असंच ठेवलेलं बरं, कारण √३ अपरिमेय आहे आणि दशांशात ते कधीच नेमकं येत नाही. बाजू पूर्णांक असेल तर घनाचा कर्ण पूर्णांक असूच शकत नाही, हेही यातून कळतं.

टाकीत जास्तीत जास्त किती लांबीची काठी मावेल? कर्णाएवढी?

गणितातली काठी जाडी नसलेली असते, तिला १३७.५ सेंटीमीटर चालतं. खऱ्या काठीचं टोक कोपऱ्यात अगदी टोकापर्यंत जात नाही, तिची जाडी आधीच भिंतींना टेकते. म्हणून नळी किंवा बांबू कर्णापेक्षा थोडा आखूडच घ्यावा लागतो, आणि जितकी जाडी जास्त तितका आखूड.

ठोकळा भरीव आहे. आतला कर्ण प्रत्यक्ष मोजून पडताळायचा कसा?

तसेच तीन ठोकळे घ्या आणि एक पट्टी. दोन ठोकळे एकमेकांना चिकटवून ठेवा, तिसरा त्यांतल्या डावीकडच्या ठोकळ्यावर बसवा. आता उजवीकडच्या ठोकळ्याच्या वर एका ठोकळ्याएवढी रिकामी जागा तयार झाली. वरच्या ठोकळ्याच्या उजव्या पृष्ठाचा पुढचा वरचा कोपरा धरा. तिथून खालच्या उजव्या ठोकळ्याच्या वरच्या पृष्ठाच्या उजवीकडच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत पट्टी हवेतून लावा. ही लांबी म्हणजे रिकाम्या जागेचा कर्ण, आणि तोच ठोकळ्याचा कर्ण. १४ सेंटीमीटरच्या ठोकळ्यांना पट्टी २४ च्या थोडी पुढे थांबते. सूत्र खोडायची हिंमत मग कोणी करत नाही.

लीटर, घन सेंटीमीटर, घन मीटर यांत मी नेहमी चुकतो.

चूक बहुतेक वेळा इथे होते: १ मीटर = १०० सेंटीमीटर म्हणून १ घन मीटर = १०० घन सेंटीमीटर असं लिहिलं जातं. तीन दिशांना १०० पट आहे, म्हणून १ घन मीटर = १०,००,००० घन सेंटीमीटर. आणि १ घन मीटर = १००० लीटर.

चूक ओळखायला सोपं आहे. घनाकृती टाकी ६४००० घन सेंटीमीटरची असेल तर बाजू ४० सेंटीमीटर. तेच घनफळ ०.०६४ घन मीटर लिहिलं तर बाजू ०.४ मीटर. दोन्ही सारखं आलं तर एकक बरोबर बदललंय.

दशांशात आणखी एक जागा फसवते. घनफळ १ पेक्षा लहान असेल तर घनमूळ त्याहून मोठं येतं. ०.५ घन मीटरची बाजू ०.७९३७ मीटर. आकडा वाढलेला पाहून पुष्कळ जण उत्तर खोडतात. ते बरोबर असतं.

पृष्ठफळाचा आकडा घनफळापेक्षा मोठा आला तर काही चुकलं का?

नाही. बाजू ६ असेल तर दोन्ही आकडे २१६ येतात. त्याहून लहान बाजूला पृष्ठफळाचा आकडा मोठा, मोठ्या बाजूला घनफळाचा. पण एक चौरस एकक आणि दुसरं घन एकक, त्यामुळे दोन्हींची तुलना करण्यात अर्थ नाही. एकक बदललं की आकड्यांचा क्रमही बदलतो: आपल्या टाकीचं पृष्ठफळ ३.७८ चौरस मीटर आणि घनफळ ०.५ घन मीटर आहे, पण डेसीमीटरमध्ये तेच ३७८ आणि ५०० होतात.

टाकीच्या भिंतींची जाडी कशी धरायची?

पाणी आतल्या मापाने मावतं, म्हणून ७९.३७ सेंटीमीटर ही आतली बाजू. सहाही बाजूंना १० सेंटीमीटर जाडीचं काँक्रीट असेल, तर बाहेरची बाजू ७९.३७ + २० = ९९.३७ सेंटीमीटर. दोन्हीकडे भिंत आहे, म्हणून २०. इथे नुसते १० मिळवणं ही नेहमीची चूक.

आता बाहेरचं घनफळ पाहा: सुमारे ०.९८ घन मीटर. म्हणजे आतल्या पाण्याएवढीच जागा जवळजवळ काँक्रीटने घेतली. बाहेरून मोजून ‘ही १००० लीटरची टाकी’ असं समजलं तर निम्मंच पाणी मिळेल. रंगासाठी बाहेरचं पृष्ठफळ ५.९२ चौरस मीटर, आतल्या गिलाव्यासाठी ३.७८ चौरस मीटर. कोणतं हवंय ते काम पाहून ठरवायचं.

घनफळ दुप्पट केलं तर बाजू, पृष्ठफळ आणि कर्ण किती पट होतात?

बाजू ∛२, म्हणजे सुमारे १.२६ पट. कर्णही तेवढाच. पृष्ठफळ १.२६ च्या वर्गाने, सुमारे १.५९ पट. ५०० ऐवजी १००० लीटरची टाकी केली तर बाजू ७९.३७ वरून १०० सेंटीमीटर होते आणि पृष्ठफळ ३.७८ वरून ६ चौरस मीटर. पाणी दुप्पट, पत्रा मात्र दीडपटीहून थोडा जास्त.

प्राचीन ग्रीकांना हाच प्रश्न छळत होता: दिलेल्या घनाच्या दुप्पट घनफळाच्या घनाची बाजू फक्त कंपास आणि मोजपट्टी नसलेली सरळ पट्टी वापरून काढता येईल का? पिएर वाँझेल या फ्रेंच गणितज्ञाने १८३७ साली सिद्ध केलं की ते शक्य नाही. आकडेमोडीने ∛२ हवा तितका जवळ गाठता येतो, पण त्या दोन साधनांनी नेमकी तेवढी रेषा काढता येत नाही.

टक्क्यांचा प्रश्न आला तर उलटं विचार करा. बाजू १० टक्के वाढली तर घनफळ १.१³ = १.३३१ पट, म्हणजे ३३.१ टक्के वाढतं, आणि पृष्ठफळ २१ टक्के. ‘घनफळ ३३.१ टक्के वाढलं, पृष्ठफळ किती टक्के?’ असं विचारलं तर उत्तर २१.

तिन्ही उत्तरं काढली. बरोबर आहेत हे पटकन कसं कळेल?

कर्णाचा वर्ग ३ × बाजू² असतो आणि पृष्ठफळ ६ × बाजू². म्हणजे पृष्ठफळ नेहमी कर्णाच्या वर्गाच्या दुप्पट. ठोकळ्याचा कर्ण १४√३, त्याचा वर्ग ५८८, दुप्पट ११७६. जुळलं. टाकीचा कर्ण १.३७४७ मीटर, त्याचा वर्ग १.८८९८, दुप्पट ३.७८. जुळलं.

पण बाजूच चुकली असेल तर चुकीच्या बाजूवर काढलेली ही दोन उत्तरंही आपसांत जुळतात. म्हणून दुसरी तपासणी: पृष्ठफळ × बाजू ÷ ६ = घनफळ. ३.७८ × ०.७९३७ ÷ ६ = ०.५०००, म्हणजे ५०० लीटर.